स्क्वॉटच्या आणि डेडलिफ्टच्या दिवशी वॉर्म-अप एकच असावा का?

पारसिक

मी कळव्यात राहतो, नोकरी महापे येथे आहे आणि परतीच्या वाटेवर ऐरोलीतील एका जिममध्ये व्यायाम करतो. आठवड्यातून चार दिवस जातो आणि प्रत्येक दिवशी एक मुख्य लिफ्ट असते : स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट आणि ओव्हरहेड प्रेस. ट्रेनरने सुरुवातीला शिकवलेला वॉर्म-अप मी चारही दिवस सारखाच करतो. दहा मिनिटे ट्रेडमिल, मग हात फिरवणे, कंबर फिरवणे, भिंतीला हात टेकवून मागचा पाय सरळ ठेवून पोटरी ताणणे आणि शेवटी पायाचे अंगठे धरून मांडीच्या मागची बाजू मिनिटभर ताणून धरणे. त्यानंतर ६० किलोचे दहा आणि ८० किलोचे आठ रेप्स करून मी १०० किलोवर येतो. तिथे पाच-पाच रेप्सचे तीन सेट असतात.

अडचण फक्त स्क्वॉटच्या दिवशी येते. १०० किलोचा पहिला सेट नेहमी विचित्र जातो. खाली बसताना उजवी टाच किंचित उचलली जाते, छाती पुढे कलते आणि बार पायाच्या बोटांवर आल्यासारखा वाटतो. तिसऱ्या सेटपर्यंत हालचाल बरीच सुधारते, पण तोवर दम गेलेला असतो. डेडलिफ्टच्या दिवशी याच वॉर्म-अपनंतर कसलीही तक्रार नसते. माझा वॉर्म-अप कमी पडतो आहे, की चुकीच्या ठिकाणी खर्च होतो आहे?

मृण्मयी_उपवन

मी रोज सकाळी उपवन तलावाभोवती चालते आणि गेल्या पावसाळ्यापासून जिना उतरताना माझा गुडघा दुखतो. चालण्याआधी यातले कोणते स्ट्रेचिंग करावे? पोटरीचे केले तर चालेल का?

उत्तरा

मृण्मयीताई, जिना उतरतानाचे दुखणे हा वेगळा विषय आहे आणि त्यासाठी कोणीतरी गुडघा प्रत्यक्ष पाहायला हवा. वेगळा धागा काढलात तर तिथे नक्की लिहीन.

पारसिक, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुम्हीच लिहिले आहे. तोच वॉर्म-अप डेडलिफ्टला पुरतो आणि स्क्वॉटला पुरत नाही, याचा अर्थ शरीर तापण्यात उणीव नाही. स्क्वॉट ज्या सांध्याकडून अधिक वाकण्याची अपेक्षा करतो, तिथेच काहीतरी अडते आहे. डेडलिफ्टच्या सुरुवातीला नडगी जवळजवळ उभीच असते, घोट्याला फारसे वाकावे लागत नाही. स्क्वॉटमध्ये खाली जाताना गुडघा बोटांच्या पुढे जातो आणि टाच जमिनीवरच राहावी लागते. घोटा तितका वाकला नाही, तर शरीरापुढे दोनच मार्ग उरतात : टाच उचलणे किंवा धड पुढे झुकवणे. तुमच्या वर्णनात दोन्ही आहेत.

तरीही मोजल्याशिवाय घोट्यावर आरोप ठेवू नये. बूट काढा, भिंतीसमोर एक पाय पुढे घेऊन बसा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवण्याचा प्रयत्न करा आणि पाऊल थोडे थोडे मागे घेत जा. टाच जमिनीवर ठेवून गुडघा जेमतेम टेकतो, त्या ठिकाणी अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजा. साधारण दहा सेंटिमीटर किंवा अधिक असेल, तर स्क्वॉटसाठी घोटा बहुतेकांना पुरतो. अंतराइतकेच दोन पायांमधल्या फरकाकडेही लक्ष द्या. गुडघा आत न पडता दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या दिशेने गेला पाहिजे, नाहीतर आकडा उगाच चांगला येतो.

मोजताना आणखी एक गोष्ट नोंदवा : शेवटच्या टोकाला ताण कुठे जाणवतो? पोटरीत मागे ओढ लागली तर कामाला वाव आहे. घोट्याच्या पुढच्या बाजूला काहीतरी चिमटल्यासारखे वाटले, तर पोटरी ताणून विशेष काही साधणार नाही.

तालीमबाज

हे सगळे मोजमाप वाचून गंमत वाटली. आमच्या ठाण्याच्या तालमीत कोणी मोजपट्टी घेऊन आल्याचे मला आठवत नाही. शंभर बैठका आणि पन्नास जोर मारले की अंग पेटते, सांधे मोकळे होतात आणि मग काय उचलायचे ते उचलावे. शिवाय ज्या माणसाला उकिडवे बसण्याची सवय आहे, त्याचा घोटा आखडेलच कसा? ही आखडलेल्या घोट्याची साथ खुर्च्या आणि कमोड आल्यानंतरची आहे.

उत्तरा

काका, उकिडवे बसण्याबद्दल तुमचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. टाचा टेकवून उकिडवे बसणाऱ्यांचा घोटा सहसा चांगला वाकतो. फरक इतकाच की उकिडवे बसताना धड गुडघ्यांवर टेकवता येते आणि हात पुढे सोडून तोल सांभाळता येतो. पाठीवर बार असताना तो पावलाच्या मध्यावरच राहावा लागतो, त्यामुळे धडाला ती मोकळीक मिळत नाही.

बैठकांच्या बाबतीत मात्र मी वेगळे म्हणेन. आपली बैठक चवड्यांवर मारली जाते, खाली जाताना टाचा उचललेल्या असतात. म्हणजे टाच टेकवून घोटा वाकवण्याचे जे काम स्क्वॉटला हवे, नेमके तेच बैठकीत टाळले जाते. बैठकांनी अंग तापते, गुडघे आणि मांड्या जाग्या होतात, पण पारसिक यांची टाच त्यांनी खाली राहणार नाही. आणि जड स्क्वॉटच्या आधी शंभर बैठका मारल्या, तर ज्या मांड्यांकडून काम घ्यायचे त्याच दमतात. मी दहा-पंधरावर थांबवते.

कोपरखैरणेकर

मला यात एक व्यावहारिक अडचण दिसते. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत आमच्याकडे स्क्वॉट रॅक रिकामा मिळत नाही. मी सगळी मोबिलिटी करून तयार होतो, मग रांगेत उभा राहतो आणि रॅक मिळेपर्यंत अंग पुन्हा थंड होते. त्यात जिमचा एसी थेट रॅकवर. फोम रोलरवर दहा मिनिटे घालवल्याचा मला आजवर एकही फायदा जाणवलेला नाही.

उत्तरा

क्रम उलटा करा. आधी रॅक मिळवा, मग त्याच्या शेजारीच घोट्याचे काम करा आणि रिकाम्या बारचे सेट त्यातच मिसळा. अशा कामाने मिळालेली वाढीव हालचाल काही मिनिटेच टिकते. त्या मिनिटांत तुम्ही बाकावर बसून फोन पाहत असाल, तर ती वाढ वाया गेली. फोम रोलरचेही तसेच आहे. त्याने थोड्या वेळापुरता सांधा मोकळा होतो आणि ताकद कमी होत नाही, पण त्यापाठोपाठ त्याच दिशेची हालचाल वजनाखाली केली नाही, तर हाती काही लागत नाही. मी स्वतः तो फार वापरत नाही. वापरणाऱ्याला थांबवतही नाही.

एसीचा मुद्दा योग्य आहे, फक्त त्याची दुसरी बाजूही पाहा. आपल्याकडे मे महिन्यात स्टेशनवरून जिमपर्यंत चालत आले तरी शर्ट भिजतो, आणि लोक समजतात की वॉर्म-अप झाला. तो घाम हवेतल्या दमटपणाचा असतो. मांडीचे स्नायू तापण्यासाठी मांड्यांनीच काम करावे लागते. पाच मिनिटे सायकल किंवा रोइंग पुरते, दहा मिनिटे ट्रेडमिल लागत नाही.

पारसिक

काल मोजले. डाव्या पायाचे अंतर साडेदहा सेंटिमीटर आले आणि उजव्याचे सात. उजव्या पायाला शेवटी पोटरीच्या खालच्या भागात, टाचेच्या शिरेच्या जरा वर ओढ लागते. पुढे चिमटत नाही. पण मी तर रोज पोटरी ताणतो, मग ही ओढ कशी काय शिल्लक राहते?

उत्तरा

कारण तुम्ही मागचा पाय सरळ ठेवून ताणता. पोटरीतला वरचा, बाहेरून दिसणारा मोठा स्नायू गुडघ्याच्या वर जोडलेला असतो, त्यामुळे गुडघा वाकला की तो सैल पडतो. त्याच्या खालचा सोलियस गुडघ्याच्या खालीच सुरू होतो, त्याला गुडघ्याच्या स्थितीने काही फरक पडत नाही. स्क्वॉटमध्ये गुडघा पूर्ण वाकलेला असतो, म्हणजे तिथे अडवतो तो बहुधा सोलियस किंवा प्रत्यक्ष सांधा. गुडघा सरळ ठेवून ताणण्याने ताण मुख्यतः वरच्या स्नायूवर जातो आणि सोलियसला फारसे काम मिळत नाही.

आता पुढच्या स्क्वॉटच्या दिवसासाठी मी असे सुचवीन. पाच मिनिटे सायकल. रॅक मिळाल्यावर शेजारी उजवा पाय पुढे घेऊन एका गुडघ्यावर बसा, पुढच्या गुडघ्याजवळ मांडीवर दहा किलोची प्लेट ठेवा आणि टाच घट्ट टेकवून गुडघा हळूहळू बोटांच्या पुढे न्या. टोकाला दोन सेकंद थांबा, मागे या. असे दहा-बारा वेळा करा. उजव्या पायाला दोन फेऱ्या, डाव्याला एकच. मग बारा किलोचा डंबेल छातीशी धरून पूर्ण खाली बसा आणि तिथेच वीस-तीस सेकंद राहून वजन एकदा या घोट्यावर, एकदा त्या घोट्यावर न्या. लगेच पुन्हा भिंतीपाशी मोजा. आकडा सेंटिमीटरभर जरी पुढे सरकला, तरी या कामाचा तुम्हाला उपयोग होतो हे कळेल. अजिबात सरकला नाही तर ते पुढे रेटू नका, कारण शोधण्याची जागा वेगळी आहे.

त्यानंतरचे सेट असे : २० किलोचा रिकामा बार आठ-आठ रेप्सचे दोन सेट, तेही सावकाश उतरून आणि खाली क्षणभर थांबून. मग ४० किलोचे पाच, ६० चे चार, ८० चे दोन, ९० चा एक आणि मग १०० चे तुमचे पाच. तुम्ही ६० चे दहा आणि ८० चे आठ करत होता. तेवढ्यात मांड्या थकतात, आणि ८० वरून थेट १०० वर उडी मारल्याने पहिल्या सेटला शरीर बेसावध सापडते. वजन वाढेल तसे रेप्स कमी करत जा. ९० चा तो एक रेप दमवत नाही, पण त्यात १०० चा अंदाज येतो.

अंगठे धरून मिनिटभर मांडीची मागची बाजू ताणणे त्या दिवशी सोडून द्या. एखादा स्नायू मिनिटभर किंवा अधिक वेळ स्थिर ताणून धरला आणि लगेच जड वजन उचलले, तर ताकदीत थोडी घट येऊ शकते. वीस-तीस सेकंद ताणून पुढे हालचाल केली, तर ती घट नगण्य असते. तसे ताणणे आवडत असेल, तर व्यायाम संपल्यावर करा.

घोडबंदरकर

माझी गोष्ट वेगळी आहे, तरी विचारतो. काही वर्षांपूर्वी पावसात दुचाकी घसरून माझा उजवा घोटा मोडला होता आणि त्यात प्लेट बसवली आहे. वरच्या पद्धतीने मोजले तर अंतर चार सेंटिमीटर येते आणि टोकाला घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटते. वर्षभर मी रबरी बँड लावून पोटरी ताणतो आहे, आकडा हलत नाही. आणखी किती दिवस करत राहावे?

उत्तरा

तुमच्या बाबतीत ताणण्याने आकडा हलेल असे मला वाटत नाही. पुढच्या बाजूला चिमटा बसतो, तेव्हा अडथळा बहुधा हाडाचा किंवा सांध्याच्या पुढच्या भागाचा असतो आणि जोर लावून गुडघा पुढे रेटल्यास तिथे सूज येण्याचा धोका राहतो. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला हा चिमटा नेमका कुठे बसतो ते एकदा दाखवा. तोवर घोट्याला बदलायला लावण्याऐवजी स्क्वॉट बदला : पावले थोडी रुंद आणि थोडी बाहेर वळवलेली ठेवा, आणि टाचेखाली उंची घ्या. वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच साधारण दोन सेंटिमीटर उंच असते. ते नसतील तर दोन्ही टाचांखाली एकसारख्या जाडीच्या लहान प्लेट ठेवून आधी हलक्या वजनावर पाहा.

कोपरखैरणेकर

टाचेखाली प्लेट ठेवणे म्हणजे अडचणीला कुबडी देणे आहे. एकदा सवय लागली की घोट्यावर कोणी काम करत नाही. घोडबंदरकरांचे मी समजू शकतो, त्यांच्या पायात धातू आहे. पारसिक यांना मात्र हा सल्ला कोणी देऊ नये.

उत्तरा

मी पारसिक यांनाही तो देणार आहे, पण निदानासाठी. टाचेखाली उंची घेऊन धड सरळ राहिले, तर दोष घोट्याचा हे जवळजवळ ठरते. उंची घेऊनही छाती तशीच पुढे पडली, तर मांडीच्या हाडाची लांबी, खुब्याची ठेवण किंवा पाठीची ताकद यांकडे पाहावे लागेल. लांब मांड्या असलेल्या माणसाचे धड काही प्रमाणात झुकणारच, त्याला कितीही मोबिलिटी केली तरी उपाय नाही आणि त्यात दोषही नाही. उंच टाच कायमची वापरावी की नाही, यावर आपले एकमत होणार नाही असे दिसते. वेटलिफ्टर आयुष्यभर तसेच बूट वापरतात, एवढेच म्हणते.

कोपरखैरणेकर

वेटलिफ्टरना स्नॅच करायचा असतो, आपल्याला नाही. असो. डेडलिफ्टच्या दिवसाचे राहिले. त्या दिवशी घोटा सोडला, तर नेमके काय करावे?

उत्तरा

डेडलिफ्टला खुब्यातून मागे जात वाकणे लागते आणि पाठ तशीच राहावी लागते. एक काठी पाठीवर उभी धरा, डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या पात्यांमधला भाग आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी ती टेकलेली असू द्या आणि नितंब मागे ढकलत वाका. हात गुडघ्यांच्या खाली पोहोचण्याआधीच काठी सुटत असेल, तर त्या दिवशीचे पहिले काम हेच. काठी टिकत असेल, तर दहा वेळा तशीच हालचाल करून रिकाम्या बारने रोमानियन डेडलिफ्टचा एक सेट करा आणि पुढे जा. मोबिलिटीवर आणखी वेळ घालवण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या जिममध्ये नेहमी निसटते. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणून बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आपल्या लोखंडी दहा किलोच्या प्लेट त्याहून बऱ्याच लहान असतात, त्यामुळे वॉर्म-अपच्या हलक्या सेटना बार खूप खाली असतो आणि पाठ गोल करूनच तो धरावा लागतो. म्हणजे जड सेटपेक्षा हलका सेट अवघड, आणि चुकीची हालचाल गिरवून आपण जड वजनाकडे जातो. दोन्ही बाजूंना खाली आडव्या प्लेट रचून बार योग्य उंचीवर आणा, मगच पहिला सेट घ्या.

बेंचच्या दिवशी खांद्याची पाती मागे आणि खाली आवळून धरण्याचा सराव, हलक्या बँडने हात बाजूला ओढण्याचे पंधरा-वीस रेप्स आणि रिकाम्या बारचे दोन सेट पुरतात. ओव्हरहेड प्रेसला पाठीचा वरचा भाग मागे वळला पाहिजे, पण त्याचे मोजमाप इथे लिहायला लागले तर धागा भरकटेल.

पारसिक

आज स्क्वॉटचा दिवस होता. घोट्याच्या कामानंतर उजव्या पायाचे अंतर साडेआठ आले. १०० किलोचा पहिला सेट पूर्वी तिसरा जसा जायचा तसा गेला, टाच जागची हलली नाही. व्यायाम संपवून निघताना पुन्हा मोजले, तर उजवा पुन्हा साडेसातच्या आसपास होता.

टाचेखाली सव्वा किलोच्या प्लेट ठेवून ६० किलोचा एक वेगळा सेट करून पाहिला. छाती सरळ राहिली. पण मित्राने मागून काढलेल्या व्हिडिओत वर येताना नितंब किंचित डावीकडे सरकताना दिसतात, आणि ते टाचेखाली उंची असतानाही दिसतात. हेही घोट्यामुळेच आहे का?

उत्तरा

अंतर परत कमी होणे अपेक्षितच होते. दर स्क्वॉटच्या दिवशी मोजून सुरुवातीचा आकडा लिहून ठेवा, कामानंतरचा नव्हे. सुरुवातीचा आकडा काही आठवड्यांत सात वरून वर चढू लागला, तर खरा बदल होतो आहे.

नितंब सरकण्याबद्दल मी इथून ठाम सांगू शकत नाही. आखडलेल्या उजव्या घोट्यामुळे शरीराला डाव्या पायावर जास्त भार घेण्याची सवय लागली असेल, तर टाचेला उंची दिल्यावरही ती सवय लगेच जात नाही. खुब्याचाही प्रश्न असू शकतो. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, बरोबर मागे ठेवून ४० आणि ९० अशा दोन वजनांचा व्हिडिओ घ्या. दोन्हींत सारखेच सरकत असेल तर एक अर्थ, फक्त ९० ला सरकत असेल तर दुसरा.

तालीमबाज

नातवाची फूटपट्टी घेऊन मीही मोजले. दोन्ही पायांचे बारा सेंटिमीटर आले. उकिडवे बसण्याबद्दल मी काय म्हणत होतो ते पाहा. मात्र बार पाठीवर घेतला की टाचा उचलल्या जातात, हे मुलाने कालच दाखवून दिले. आता यात घोट्याचा काय दोष?

उत्तरा

काहीच नाही काका, तुमचा घोटा उत्तम आहे. इतक्या वर्षांच्या बैठकांनी खाली जाताना चवड्यांवर जाण्याचे वळण शरीराला पडले आहे, आणि बार घेतल्यावर तेच वळण पुढे येते. तुम्ही प्लेट मांडीवर ठेवून घोटा वाकवत बसलात तर वेळ जाईल. स्क्वॉटच्या दिवशी बैठका अजिबात मारू नका. रिकामा बार घेऊन तीन सेकंद मोजत खाली जा, टाच, अंगठ्याचा तळ आणि करंगळीचा तळ तिन्ही जमिनीला लागलेले असू द्या, खाली दोन सेकंद थांबा आणि मग वर या. पाच-पाचचे तीन सेट करा. टाच उचलली गेली तो रेप मोजू नका.

तालीमबाज

आणि बैठका कोणत्या दिवशी?

उत्तरा

बेंचच्या दिवशी, सगळे झाल्यावर. जोर मात्र त्या दिवशी बेंचच्या आधी नकोत.